विम्याचे अपवाद वाचायचे कुणी आणि कधी?

विम्याची कागदपत्रं मराठीत हवीत की नकोत, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो आणि दर वेळी त्याच दोन बाजूंनी लढला जातो. एक बाजू म्हणते, महाराष्ट्रात धंदा करता तर पॉलिसी मराठीत द्या, तो आमचा हक्क आहे. दुसरी म्हणते, विमा हा करार आहे, त्याची भाषा इंग्रजीत घडलेली आहे. मराठी प्रत माहितीपुरती घ्या, वाद झाला तर इंग्रजीच खरी धरली जाईल. पहिल्या बाजूचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण दोघंही भांडतात ते कागदावर कोणती भाषा असावी एवढ्यावरच. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाच्या घरचा दावा नेमका कुठे बुडतो, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की, कलमामागून कलम मराठीत आणल्याने अपवाद समजत नाहीत आणि दाव्याची वाटही सापडत नाही. या विमाधारकासाठी पॉलिसी मोडून ती घटनेच्या क्रमाने पुन्हा लिहावी लागते: काय घडलं, पहिल्या दिवशी कुणाकडून काय लिहून घ्यायचं, कोणता कागद जपायचा, बँकेत कधी जायचं. आणि अशी लिहिलेली मराठी कंपनीवर बंधनकारक असली पाहिजे.

उदाहरण म्हणून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घेऊ, कारण कमी शिकलेल्या घरांत सगळ्यांत जास्त पोचलेल्या विम्यांपैकी ती एक आहे. मे 2015 मध्ये ती सुरू झाली. वर्षाला 12 रुपये हप्ता होता, जून 2022 पासून 20 रुपये झाला. तो बचत खात्यातून आपोआप कापला जातो आणि विमा 1 जून ते 31 मे चालतो. वय 18 ते 70. अपघाती मृत्यूला 2 लाख, दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर 2 लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर 1 लाख. या विम्याची मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर असते. खातेदाराला मिळतो तो अर्जाच्या तळाशी असलेला पोचपावतीचा तुकडा, आणि तोच त्याचा विम्याचा दाखला. अर्ज आणि दाव्याचे फॉर्म मराठीतही आहेत. म्हणजे मराठीची मागणी इथे कागदावर पूर्ण झालेली आहे. मग दावे अडतात कुठे?

पहिली अडचण अशी की, या विम्यातले खरे अपवाद 'अपवाद' या मथळ्याखाली सापडत नाहीत. आत्महत्येला पैसे नाहीत, हे उघड सांगितलेलं आहे. पण कडबा कुट्टीच्या यंत्रात तीन बोटं गेलेल्या माणसालाही पैसे मिळत नाहीत, आणि हे कुठल्याही अपवादांच्या यादीत लिहिलेलं नसतं. ते अपंगत्वाच्या व्याख्येत दडलेलं असतं: हात कायमचा निकामी झाला पाहिजे. बोटं गेली पण हात चालतो, म्हणजे काही नाही. दवाखान्याचा खर्च मिळत नाही, हेही तसंच. मे अखेरीस खात्यात 20 रुपये नव्हते म्हणून विमाच बंद पडला, हा तर सगळ्यांत मोठा अपवाद. तो हप्त्याच्या कलमात बसलेला असतो. दोन बँकांतून दोनदा 20 रुपये कापले गेले तरी 2 लाख एकदाच मिळतात. भाषांतरकार मथळ्यामागून मथळा मराठी करत गेला, तर त्याचं काम अगदी बिनचूक होईल आणि तीन बोटं गेलेल्या माणसाला त्यातून काहीही कळणार नाही. त्याचा प्रश्न 'माझी बोटं गेली, मला काय मिळेल' असा असतो. त्या प्रश्नाचं उत्तर एका ठिकाणी, एका वाक्यात हवं.

दुसरी अडचण दाव्याच्या पायऱ्यांची. कागदावर ती वाट बँकेत सुरू होते: फॉर्म घ्या, भरा, कागद जोडा, शक्यतो 30 दिवसांत द्या. प्रत्यक्षात दाव्याचा निकाल बँकेच्या कितीतरी आधी लागलेला असतो. एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. यवतमाळकडच्या एका गावात कापूस वेचणाऱ्या बाईला संध्याकाळी साप चावतो, असं धरा. तिला आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेतात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. घाबरलेला दीर सांगतो, 'काहीतरी चावलं.' केस पेपरवर तेवढंच येतं, अनोळखी दंश. सर्पदंशाची लस टोचून तिला जिल्हा रुग्णालयात पाठवतात आणि गडबडीत आरोग्य केंद्राचा कागद तिथेच राहतो. पहाटे ती जाते. डॉक्टर पोस्टमॉर्टेमचं विचारतात, तेव्हा घरचे हात जोडतात: आधीच हाल झालेत, आता चिरफाड नको. कशीबशी परवानगी मिळवून अंत्यविधी होतो. तेरावं झाल्यावर कुणीतरी पासबुकात 20 रुपयांची नोंद पाहून सांगतं, की हिचा विमा होता.

आता नवरा बँकेत जातो. हातात ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला. घरातल्या सगळ्यांची समजूत अशी की, हा सरकारी दाखला म्हणजे सगळ्यांत मोठा पुरावा. पण या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलंच नसतं. माणूस गेला एवढंच तो सांगतो. कशाने गेला ते सांगत नाही, आणि अपघात विम्यात तर तेवढाच प्रश्न असतो. योजनेचा नियम खरं तर इथे बऱ्यापैकी समजूतदार आहे. रस्ता किंवा रेल्वेचा अपघात, बुडणं, गुन्ह्यातला मृत्यू यांची खबर पोलिसांत दिलेली हवी. साप चावणं, झाडावरून पडणं अशा घटनांत मात्र लगेच झालेल्या रुग्णालयाच्या नोंदीने कारण सिद्ध झालं तर चालतं. या बाईच्या बाबतीत तीच नोंद 'अनोळखी दंश' म्हणते, तीसुद्धा आरोग्य केंद्राच्या फायलीत. पोस्टमॉर्टेम नाही. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली असती तर पंचनामा मिळाला असता, पण घरच्यांना वाटलं, साप चावल्याची कसली फिर्याद? त्यांचं बरोबरच होतं, यात गुन्हा नाही, एफआयआर होत नाही. अकस्मात मृत्यूची नोंद वेगळी असते आणि ती विम्यात उपयोगी पडते, हे त्यांना सांगणारा कुणी नव्हता.

या सगळ्यात कुठला कठीण शब्द आडवा आला? एकही नाही. दाव्याचा फॉर्म उत्तम मराठीत असता तरी हा दावा अडलाच असता, कारण फॉर्म हातात पडेपर्यंत पुरावा तयार होण्याची वेळ निघून गेली होती. अपवाद वाचायची वेळ ही घटनेच्या आधीची किंवा घटनेच्या पहिल्या काही तासांतली असते. आणि वाचणारा माणूस बहुतेक वेळा विमाधारक नसतोच. तो दीर असतो, मुलगा असतो, शेजारी असतो. आजच्या मराठी कागदांत या माणसाशी बोलणारं एकही वाक्य पहिल्या पानावर नसतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत जड मुद्दा. कायद्याच्या व्याख्या उगाच किचकट झालेल्या नाहीत. अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित, आपल्या मर्जीविना, बाहेरच्या, जोरकस आणि दिसणाऱ्या कारणाने घडलेली घटना, या व्याख्येतल्या एकेका शब्दावर कोर्टांत वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दोन प्रकरणं आली. एकात मोटारसायकलवर असताना छातीत दुखून माणूस खाली पडला आणि गेला. न्यायालयाने म्हटलं, मृत्यू हार्ट अटॅकने झाला, पडल्याने नाही. अपघाताचे पैसे देय नाहीत. दुसऱ्यात मोझांबिकमध्ये कामाला असलेला माणूस डास चावून मलेरियाने गेला. तिथे मलेरिया इतका सर्रास होतो की त्याला अनपेक्षित म्हणता येत नाही, म्हणून तोही अपघात ठरला नाही. साप चावला तर अपघात, डास चावला तर आजार. इतकी बारीक रेघ बोलीभाषेत कशी मारणार? सोपं करायला जाल तर काहीतरी सांडेल, आणि जे सांडेल त्यावर उद्या कोर्टात भांडण होईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो उडवून लावता येत नाही.

पण नीट पाहिलं तर याच दोन निकालांत उत्तरही आहे. मी ते आताच सांगितले आणि त्यासाठी व्याख्येतला 'अनपेक्षित' एवढा एकच शब्द लागला. रेघ कुठे आहे हे व्याख्येपेक्षा उदाहरणांनी जास्त नेमकं कळतं, विशेषतः रेघेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या उदाहरणांनी. गाडी घसरून डोक्याला मार लागून गेला, पैसे मिळतील. गाडीवर अटॅक आला, मिळणार नाहीत. साप, हो. डास, नाही. ज्याने व्याख्या पाठ केली आहे त्यालासुद्धा हे प्रसंग मनात आणल्याशिवाय ती लावता येत नाही. मग शाळा कमी शिकलेल्या माणसाला व्याख्या देऊन उदाहरणं लपवायची, यात कसला काटेकोरपणा? महाराष्ट्रात हे करून झालेलंही आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत, जी 2023 पासून विमा न राहता सानुग्रह अनुदान झाली, अपघात कोणते ते नावानिशी दिलेले आहेत: पाण्यात बुडणं, विजेचा धक्का, वीज पडणं, उंचावरून पडणं, सर्पदंश, विंचूदंश, जंतुनाशकांची विषबाधा, जनावराचा हल्ला. शिवाय अपघाताच्या प्रकारानुसार कोणते कागद लागतील, तेही. ती यादीसुद्धा शासकीय मराठीत आहे आणि बरीच सुधारता येईल, पण तिची मांडणी गावातल्या माणसाच्या प्रश्नाच्या दिशेने आहे. तिथे जमतं ते इथे का जमू नये?

विषबाधेचा उल्लेख आला म्हणून थोडं थांबतो, कारण अपवाद कसा लागू होतो हे त्यात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारणीत अंगावर आलेलं औषध आणि स्वतः घेतलेलं औषध, दवाखान्यात दोन्ही विषबाधाच. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची इतकी चर्चा होते, तिथे नातेवाईक घाबरून गप्प बसले आणि केस पेपरवर नुसतं 'विषबाधा' आलं, तर पुढे वाचणारा आत्महत्येचा संशय घेतो. 'सकाळपासून फवारणी करत होता, दुपारी उलट्या सुरू झाल्या' ही एक ओळ त्या कागदावर असणं आणि नसणं, यात आत्महत्येचा अपवाद लागण्या न लागण्याचा फरक आहे. आत्महत्येला पैसे नाहीत, एवढं अचूक भाषांतर करून थांबलं, तर हा धोका झाकलेलाच राहतो.

इथे विमा कंपन्यांकडून एक प्रतिप्रश्न येतो आणि तो रास्त आहे: दवाखान्यात काय सांगायचं हे आधीच शिकवलं, तर खोटे दावे वाढणार नाहीत का? काही वाढतीलही. पण सर्पदंशाचं निदान नातेवाइकांच्या शब्दावर होत नाही. दाताच्या खुणा, सूज, पापण्या जड होणं, आणि काचेच्या नळीत काढलेलं रक्त 20 मिनिटांत गोठतं की नाही, हे डॉक्टर स्वतः पाहतात. नातेवाइकाने खरं आणि पूर्ण सांगितलं तर त्या तपासाला दिशा मिळते, उपचारही लवकर होतो. खोटं बोलणाऱ्याला माहिती कुठूनही मिळते. ती न मिळाल्याने बुडतो तो खरा दावेदार. म्हणून मराठी पत्रकात 'जे घडलं तेच सांगा, पण सगळं सांगा, आणि ते लिहिलं गेलं का हे विचारा' असं रोखठोक वाक्य हवं.

तिसरा आक्षेप नेहमीचा: लोक वाचतच नाहीत, बँक मित्र तोंडी सांगतो तेवढं पुरे. यात अर्धं खरं आहे. ज्याला वाचायची सवय नाही तो ऐकून समजून घेतो. पण म्हणून लेखी मराठीची गरज संपत नाही. ती ऐकण्यासारखी लिहायची गरज निर्माण होते. तोंडी सांगणारा जर बांधील मजकुरातून सांगत नसेल, तर तो काय सांगतो याला कसलाच आधार नसतो. आपल्याकडे हा धडा एकदा फार महागात शिकून झालेला आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. लोकांचा राग अंगठा उठवून घेतलेल्या, न वाचता आलेल्या कागदांवर होता. चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खन कृषक कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी त्यात ग्राम निबंधकाची सोय होती: शेतकऱ्याचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सही-अंगठा घ्यायचा. सावकाराने प्रेमाने समजावून सांगितलं होतं, एवढ्यावर त्या काळच्या परकीय सरकारनेही समाधान मानलं नाही. मग वर्षाला 20 रुपये कापताना आपण ते का मानावं?

असा मोठ्याने वाचायचा मजकूर कसा असावा? माझ्या मते साधारण असा: 'हा अपघाताचा विमा आहे, आजाराचा नाही. गाडीच्या अपघातात, पाण्यात बुडून, झाडावरून किंवा विहिरीत पडून, साप चावून, वीज पडून माणूस गेला तर घरच्यांना 2 लाख रुपये मिळतात. कुणी खून केला तरी मिळतात. आजाराने किंवा हार्ट अटॅकने गेला तर मिळत नाहीत. आत्महत्येला मिळत नाहीत. दवाखान्याचं बिल मिळत नाही. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख. फक्त बोटं गेली तर काही मिळत नाही. अपघात झाला की दवाखान्यात काय झालं ते स्पष्ट सांगा. पहिल्या दवाखान्याचा केस पेपर सोडू नका, निदान मोबाइलवर फोटो काढा. माणूस गेला तर पोस्टमॉर्टेम होऊ द्या. पोलिसांत नोंद करा आणि पंचनाम्याची प्रत मागा. मग ज्या बँकेतून 20 रुपये कापले त्याच शाखेत 30 दिवसांच्या आत जा. दर जूनमध्ये पासबुकात 20 रुपये कापल्याची नोंद बघा. नोंद नसेल तर विमा नाही.'

वाचून दाखवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. यात पोस्टमॉर्टेमऐवजी शवविच्छेदन, केस पेपरऐवजी रुग्णपत्रिका असे शब्द मी मुद्दाम घेतलेले नाहीत. खिडकीवर माणसाला जो कागद मागायचा आहे, त्याचं नाव तिथे जे चालतं तेच हवं. 'मिळत नाही' हे मी वारंवार लिहिलं आहे, तेही मुद्दाम. सोपी भाषा म्हणजे गोड भाषा नव्हे. सोप्या पत्रकांची एक खरी खोड अशी की, ती फायदे ठळक सांगतात आणि नकार शेवटच्या ओळीत ढकलतात. मग लोकांना फसवल्यासारखं वाटतं आणि टीकाकारांना सोपेपणावरच बोट ठेवता येतं. पोस्टमॉर्टेमसारखं दुःखाच्या क्षणी नको वाटणारं वाक्यसुद्धा गाळून चालणार नाही. उलट ते आधी ऐकलेलं असेल तरच त्या पहाटे कुणीतरी म्हणेल, 'थांबा, होऊ द्या.'

मजकूर जमला की नाही हे ठरवायची रीतही भाषातज्ज्ञांच्या समितीपेक्षा वेगळी हवी. उलट भाषांतर करून इंग्रजीशी ताडून पाहणं वकिलाच्या समाधानासाठी ठीक आहे. पण खरी तपासणी म्हणजे तो मजकूर एकदा वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्या बाईला प्रसंग द्यायचा: 'तुमच्या नवऱ्याला शेतात साप चावला. आता तुम्ही काय काय कराल?' ती जर केस पेपर विसरली किंवा आधी बँकेत धावली, तर चूक तिची नाही, मजकुराची आहे. ते वाक्य बदलायचं आणि दुसऱ्या गावात पुन्हा वाचायचं. 'समजलं का?' असं विचारण्याला काही अर्थ नाही. सगळेच हो म्हणतात.

राहिला बंधनकारकतेचा प्रश्न. कंपन्यांची भीती अशी की, दोन पानांची मराठी बांधील केली तर इंग्रजीतल्या चाळीस कलमांचं काय? भीती समजण्यासारखी आहे, पण कायदा आधीपासूनच बऱ्याच अंशी विमाधारकाच्या बाजूने झुकलेला आहे. कलम संदिग्ध असेल तर ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध वाचायचं, हे तत्त्व जुनं आहे. आणि 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, जो अपवाद विमाधारकाला कळवलाच नाही, त्याचा आधार कंपनीला घेता येणार नाही. न वाचता येणाऱ्या भाषेतला अपवाद कळवला असं कसं म्हणायचं? तेव्हा माझी मागणी साधी आहे. दावा नाकारणाऱ्या पत्रात कंपनीने मराठी पत्रकातलं ते नेमकं वाक्य उतरवावं, ज्याच्या आधारे दावा नाकारला. ते वाक्य पत्रकात नसेल, तर त्या कारणाने दावा नाकारता येऊ नये. हा नियम आला की कंपन्यांचे वकील स्वतःच त्या दोन पानांच्या मराठीकडे इंग्रजीइतक्याच बारकाईने पाहू लागतील.